मांजरा ते मंजीरा: अनुस्वाराच्या टिंबाखाली काय घडतं?

नांदेड, निलंगा, अंबुलगा, औंढा, मांजरा. यात एक जिल्ह्याचं गाव आहे, एक तालुक्याचं, एक निलंगा तालुक्यातलं खेडं, एक शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातलं तीर्थक्षेत्र आणि एक लातूरकरांची नदी. पाचही नावांत अक्षराच्या डोक्यावर एकच टिंब आहे. पण तोंडात मात्र पाच वेगळे आवाज होतात. ‘नांदेड’ म्हणताना द उच्चारण्याआधी क्षणभर थांबा. जीभ वरच्या दातांमागे टेकलेली असते, म्हणजे आवाज न चा. ‘निलंगा’त ग च्या आधी थांबलात तर जिभेचं टोक खाली पडून राहतं आणि तिची पाठ मागे मऊ टाळूला लागते. तो ङ. ‘अंबुलगा’त ब यायच्या आधीच ओठ मिटलेले असतात, तो म. ‘औंढा’त जिभेचं टोक मागे वळून वर लागतं, तो ण. ‘मांजरा’तल्या अनुनासिकाची गोष्ट थोडी वेगळी आहे, तिच्याकडे नंतर वळू.

पुढच्या व्यंजनाच्या उच्चारस्थानी आधीच जाऊन बसणाऱ्या या अनुनासिकाला आपलं व्याकरण परसवर्ण म्हणतं. पर म्हणजे पुढचा, सवर्ण म्हणजे त्याच्याच वर्गातला. लेखनात आपण हा फरक टिंबाखाली झाकतो आणि ते सोयीचंही आहे. 1962 साली लागू झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तत्सम शब्दांत ‘अंत’ आणि ‘अन्त’ ही दोन्ही रूपं चालतील असं ठरवलं. मराठी माणूस दोन्ही एकसारखीच वाचतो, कारण टिंबाचा आवाज पुढचं व्यंजन ठरवतं हे त्याच्या जिभेला ठाऊक असतं.

घडतं काय, हे एवढ्यात सांगून झालं. अवघड प्रश्न वेगळा आहे. अनुनासिक पुढच्या व्यंजनाकडून नेमकं काय घेतो, आणि तेवढंच का घेतो?

काय घेतो, काय सोडतो

‘कंधार’ हा शब्द घ्या. ध मध्ये बऱ्याच गोष्टी एकत्र आहेत. तो दातांपाशी उच्चारला जातो. तो घोष आहे, म्हणजे त्याच्या वेळी कंठातल्या स्वरतंतूंचं कंपन चालू असतं. तो महाप्राण आहे, त्याच्याबरोबर श्वासाचा झोत बाहेर पडतो. आणि तो स्पर्श आहे, हवा क्षणभर पूर्ण अडते. ‘कंधार’मधला अनुनासिक यातलं फक्त स्थान घेतो. झोत घेत नाही. ‘कन्हधार’ असं कुणी म्हणत नाही.

आता ‘लंका’ बघा. क अघोष आहे, स्वरतंतू स्तब्ध असतात. अनुनासिक क चं कंठ्य स्थान घेतो, पण अघोषपणा घेत नाही. स्वतःचं कंपन चालूच ठेवतो. ‘अंत’, ‘कंठ’, ‘चंपा’ या साऱ्यांत हेच दिसतं. पुढचं व्यंजन घोष असो वा अघोष, अल्पप्राण असो वा महाप्राण, अनुनासिक तिकडे लक्ष देत नाही. स्थान मात्र पूर्ण घेतो. दंत्य आणि मूर्धन्य यांच्या मधलं काहीतरी, किंवा अर्धं स्थान, असं घेत नाही.

म्हणजे व्यंजनाच्या गुणांपैकी काही गुण एकगठ्ठा जातात आणि बाकीचे जागेवर राहतात. मराठीतच नव्हे, तर एकमेकींशी काहीही नातं नसलेल्या कितीतरी भाषांत अनुनासिक नेमका हाच गठ्ठा उचलतो. आवाजांचं वर्णन करणाऱ्या कुठल्याही पद्धतीची इथं कसोटी लागते. हाच गठ्ठा का, हे तिला सांगता आलं पाहिजे.

सपाट यादी कुठे कमी पडते

1968 साली नोम चोम्स्की आणि मॉरिस हॅले यांचा ‘द साउंड पॅटर्न ऑफ इंग्लिश’ हा ग्रंथ आला. त्यातली पद्धत अशी: प्रत्येक आवाज म्हणजे लक्षणांची एक उभी यादी, आणि प्रत्येक लक्षणापुढे अधिक किंवा उणे. अनुनासिक आहे की नाही, घोष आहे की नाही, अडथळा तोंडाच्या पुढच्या भागात आहे की नाही, जिभेचं पातं उचललेलं आहे की नाही, जिभेची पाठ मागे सरकली आहे की नाही, असे प्रश्न एकाखाली एक. सगळे एकाच पातळीवर, कुणी कुणाच्या हाताखाली नाही. म्हणून ही सपाट यादी.

या यादीत ‘स्थान’ नावाची एक वस्तू नाही. स्थान हे काही लक्षणांच्या बेरजेतून कळतं. पुढचा भाग ‘होय’ आणि पातं ‘नाही’ म्हणजे ओष्ठ्य. दोन्ही ‘होय’ म्हणजे दंत्य. पुढचा भाग ‘नाही’ आणि पातं ‘होय’ म्हणजे मूर्धन्य किंवा तालव्य. या दोघांना वेगळं करायला आणखी एक प्रश्न लागतो: पातं रुंद टेकलंय की फक्त टोक? दोन्ही ‘नाही’ आणि पाठ मागे म्हणजे कंठ्य. मराठीची स्थानं सांगायला किमान चार लक्षणं लागतात.

मग परसवर्णाचा नियम असा लिहावा लागतो: अनुनासिकाच्या ‘पुढचा भाग’ या लक्षणाचं उत्तर पुढच्या व्यंजनाच्या उत्तरासारखं करा, ‘पातं’चं तसंच करा, ‘रुंदी’चं तसंच, ‘मागची पाठ’चंही तसंच. प्रत्येक लक्षणासाठी एकेक ग्रीक अक्षर, अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. या नियमातून उत्तर बरोबर येतं. ‘निलंगा’त ङ मिळतो, ‘नांदेड’त न मिळतो. नियम चुकीचा नाही. अडचण दुसरीच आहे. याच पद्धतीने इतर काय काय लिहिता येतं ते पाहिलं की ती दिसते.

पहिली अडचण निवडीची. समजा, आवाजांच्या वर्णनाला बारा लक्षणं आहेत. त्यांतून नक्कल करण्यासाठी काही लक्षणं निवडायची, तर निवडीचे 4095 प्रकार होतात. ‘पातं’ आणि ‘घोष’ यांची नक्कल करा, बाकी सोडा, असाही नियम होऊ शकतो. ‘रुंदी’ आणि ‘महाप्राण’ यांची नक्कल करा, असाही. सपाट यादीच्या दृष्टीने हे सगळे सारख्याच योग्यतेचे. भाषा मात्र त्यांतला एकच पुन्हा पुन्हा निवडतात. यादीला हा योगायोग वाटतो.

दुसरी अडचण जास्त बोचरी आहे. त्या काळी नियम जितक्या कमी चिन्हांत लिहिता येईल तितका तो साधा आणि भाषांत अपेक्षित मानायचा, असं मोजमाप ठरलेलं होतं. परसवर्णाला चार लक्षणं लागतात. ‘पातं’ आणि ‘घोष’ यांची नक्कल करणाऱ्या नियमाला दोनच. म्हणजे जो सगळीकडे आढळतो तो नियम महाग ठरतो आणि जो कुणी ऐकलेला नाही तो स्वस्त. मोजमाप उलटं पडतं.

तिसरी अडचण अशी, की ग्रीक अक्षरं कुठेही बसवता येतात. अनुनासिकाचं ‘पातं’ हे पुढच्या व्यंजनाच्या ‘घोष’सारखं करा, असाही नियम कागदावर निर्दोष दिसतो. पुढे घोष व्यंजन आलं तर जिभेचं पातं उचलायचं आणि अघोष आलं तर खाली टाकायचं, असं कुठली जीभ करणार? चोम्स्की आणि हॅले यांना ही उणीव दिसत होती. लक्षणांचा आशय लक्षात न घेता फक्त चिन्हांची हालचाल केली तर काय होतं, यावर त्यांनी आपल्याच ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात लिहिलं आहे.

लक्षणांना घर देणं

तोड दुसऱ्या दिशेने निघाली. 1976 साली जॉन गोल्डस्मिथ यांनी एमआयटीतल्या प्रबंधात आफ्रिकी भाषांमधल्या सुरांचा अभ्यास मांडला. सूर हा स्वराच्या यादीतला एक रकाना नाही, तो स्वतंत्र थरात असतो आणि रेघेने स्वराशी जोडलेला असतो, असं त्यांनी दाखवलं. एकच सूर दोन स्वरांना जोडता येतो. त्यासाठी त्याची दुसरी प्रत काढावी लागत नाही. 1985 साली जॉर्ज क्लेमेंट्स यांनी ही कल्पना साऱ्या लक्षणांना लावली आणि 1986 साली एलिझाबेथ सेगी यांनी एमआयटीतल्या प्रबंधात तिची तपशीलवार मांडणी केली. हीच फीचर जॉमेट्री, लक्षणांची भूमिती.

या मांडणीत आवाज म्हणजे एक झाड असतं. सर्वांत वर मूळ. मुळापासून एक फांदी कंठाकडे जाते आणि तिच्यावर घोष आणि महाप्राण ही लक्षणं बसतात. दुसरी फांदी एका गाठीपाशी पोचते. ही स्थानाची गाठ. या गाठीखाली तीन अवयव: ओठ, जिभेचं पातं, जिभेची पाठ. पात्याच्या खाली त्याचे बारकावे, म्हणजे दातांपाशी की मागे, रुंद की टोकाने. अनुनासिक असणं हा गुण स्थानाच्या गाठीबाहेर असतो, कारण नाकाची वाट उघडणारी मऊ टाळू ओठांना किंवा जिभेला बांधलेली नसते.

गाठ म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्याची कडी. कडी उचलली की तिच्यातल्या सगळ्या किल्ल्या येतात, आणि कडीबाहेरची एकही येत नाही. परसवर्णाचा नियम आता एका वाक्यात सांगता येतो: अनुनासिकाच्या मुळापासून पुढच्या व्यंजनाच्या स्थानाच्या गाठीपर्यंत एक रेघ ओढा. बस. घोष आणि महाप्राण येत नाहीत, कारण ते दुसऱ्या फांदीवर आहेत. स्थान अर्धवट येत नाही, कारण गाठ अर्धी उचलता येत नाही. ‘पातं’ आणि ‘घोष’ हे जोडपं एका रेघेने हलवता येत नाही, कारण त्या दोघांनाच धरणारी गाठ झाडात नाही. सपाट यादीत सगळ्यात महाग पडलेला नियम इथं सगळ्यात स्वस्त होतो.

आपल्या वर्णमालेत ही जाण आधीपासून आहे. कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग ही रचना स्थानावर उभी आहे आणि प्रत्येक वर्गाच्या शेवटी त्याचा स्वतःचा अनुनासिक आहे. संस्कृत वैयाकरणांनी परसवर्ण सांगताना जीभ कुठे, ओठ कुठे अशी यादी दिली नाही. त्यांनी ‘सवर्ण’ ही एकच कल्पना वापरली आणि तिच्यात स्थान ही एक अखंड गोष्ट धरली. पण वर्णमालेचा तक्ता आणि झाड यांत एक मोठा फरक आहे. तक्त्यात प्रत्येक अनुनासिक आपल्या चौकटीत वेगळा बसलेला असतो. झाडात दोन आवाज एकच गाठ वाटून घेऊ शकतात. हा फरक किती महत्त्वाचा आहे ते मराठीतल्या दोन च मुळे कळतं.

लोकांचा आणि लोकांची

मराठीत च एका अक्षराने लिहितात, पण त्याचे आवाज दोन आहेत. ‘चहा’तला च तालव्य, जिभेचं पातं रुंद होऊन कठीण टाळूला लागतं. ‘चाका’तला च दंततालव्य, जीभ पुढे दातांच्या मुळाशी लागते. ज चंही तसंच: ‘जिरं’ आणि ‘जाळं’. वर्णमालेच्या तक्त्यात या दुसऱ्या च ला चौकट नाही, म्हणून त्याच्या जोडीच्या अनुनासिकालाही नाही. नियमाप्रमाणे दोन्हीकडे ञ च.

आता अनेकवचनी सामान्यरूपाचा अनुस्वार घेऊन एक पूर्ण उदाहरण सोडवू. ‘लोकां’ याच्या शेवटी एक अनुनासिक आहे. त्याला स्वतःचं स्थान नाही. झाडाच्या भाषेत, त्याच्या मुळाला ‘अनुनासिक’ हा गुण लटकलेला आहे, पण खाली स्थानाची गाठ नाही. जागा रिकामी. आता एकेक प्रत्यय लावा. ‘लोकांकडे’ म्हणताना क च्या गाठीकडून रेघ येते आणि ङ ऐकू येतो. ‘लोकांत’मध्ये न, ‘लोकांपुढे’मध्ये म. मूळ अनुनासिक तोच, स्थान प्रत्येक वेळी उसनं.

‘लोकांचा’ म्हणा आणि च च्या आधी थांबा. जीभ पुढे आहे, जवळजवळ ‘नांदेड’मधल्या न सारखी. आता ‘लोकांची’ म्हणा आणि तिथेच थांबा. पातं रुंद झालं, मागे सरकलं, टाळूला लागलं. प्रत्यय एकच आहे, पण ‘चा’मधला च दंततालव्य आणि ‘ची’मधला तालव्य, कारण ई हा स्वर जिभेला टाळूकडे ओढतो. ‘चे’मध्येही तसंच. आणि च बदलला की त्याच्याआधीचा अनुनासिकही बदलतो. लिहिताना काही कळत नाही, टिंब तिथंच. बोलताना मात्र दोन वेगळे अनुनासिक.

इथं दोन गोष्टी घडताहेत. ई मुळे च तालव्य होतो, ही एक. अनुनासिक च चं स्थान घेतो, ही दुसरी. सपाट यादीत दोन नियम लिहावे लागतात आणि त्यांचा क्रम सांभाळावा लागतो. आधी च तालव्य करा, मग अनुनासिकात नक्कल उतरवा. क्रम उलटला तर अनुनासिक जुन्या, दंततालव्य च ची नक्कल करून बसतो, नंतर च मागे सरकतो आणि दोघांत फट पडते. दंत्य अनुनासिक आणि त्यापुढे तालव्य च असा उच्चार तयार होतो, जो ‘लोकांची’ म्हणताना कुणी करत नाही. यादीला हा क्रम बाहेरून बजावून सांगावा लागतो.

झाडात क्रमाचा प्रश्नच उरत नाही. अनुनासिक आणि च यांच्यामध्ये गाठ एकच आहे. ई ने त्या गाठीखालच्या पात्याला ‘मागे जा, रुंद हो’ सांगितलं, की ज्या दोघांच्या मुळाशी ती गाठ जोडलेली आहे ते दोघेही बदलतात. आधी रेघ ओढली काय, नंतर ओढली काय, परिणाम तोच. नक्कल काढली तर मूळ आणि नक्कल नंतर वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात. वाटून घेतलेल्या गाठीला वेगळी वाट नसते. माझ्या मते स्थानाच्या गाठीची खरी ताकद इथं आहे. ती नियम छोटा करते, एवढंच नव्हे. दोन आवाज एकत्र का हलतात याचं कारणही तीच देते.

आता नदीकडे वळू. मांजरा बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरांत उगवते, लातूर जिल्ह्यातून जाते, कर्नाटकातल्या बीदरकडून तेलंगणात शिरते आणि पुढे उत्तरेला वळून नांदेडच्या सीमेवर गोदावरीला मिळते. लातुरात ती ‘मांजरा’. ज ‘मांजर’मधला, दंततालव्य, आणि त्याच्या आधीचा अनुनासिकही पुढे, दातांच्या मुळाशी. तेलंगणात तीच ‘मंजीरा’. ज च्या पुढे ई आली. तेलुगूतही मराठीसारखेच च-ज चे दोन उच्चार आहेत आणि ई-ए च्या आधी तालव्य उच्चार होतो. म्हणून ‘मंजीरा’त ज तालव्य, आणि अनुनासिक त्याच्याबरोबर टाळूला गेलेला. मराठी आणि तेलुगू या दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा, लिपी वेगळी, पण दोघींनीही अनुनासिक आणि त्यापुढचा ज एकाच गाठीला बांधलेला आहे. देगलूर-धर्माबाद भागात दोन्ही भाषा बोलणाऱ्यांना हे स्वतःच्या तोंडात तपासता येईल.

तपासताना एक काळजी घ्यावी. ज्या रूपात अनुनासिक खरोखर बोलला जातो तेच घ्यावं. नांदेड-लातूरकडच्या घरगुती बोलीत ‘लोकांना’ऐवजी ‘लोकायला’, ‘लेकरांचं’ऐवजी ‘लेकरायचं’ अशी रूपं येतात. त्यांत अनुनासिकच नाही, तेव्हा स्थान उसनं घ्यायला कुणी उरत नाही.

गाठीच्या खालची फांदी: प्रमाण आणि प्रधान

गाठ पूर्ण उचलता येते, तशी तिच्याखालची एखादी फांदी वेगळी उचलता येते का? झाडाची मांडणी खरी असेल तर आली पाहिजे. संस्कृतातून आलेल्या शब्दांत याचा पुरावा शाळकरी मुलांनाही माहीत असतो, फक्त तो पाठांतराच्या रूपात असतो.

‘प्रमाण’मध्ये ण आणि ‘प्रधान’मध्ये न. ‘अर्पण’मध्ये ण आणि ‘अर्चना’त न. नियम असा, की शब्दात आधी र, ष किंवा ऋ असेल तर नंतरचा न ण होतो, पण मध्ये काही विशिष्ट व्यंजनं आली तर होत नाही. कुठली व्यंजनं चालतात? म, प, ग, ह, य, व. ‘प्रमाण’, ‘अर्पण’, ‘ग्रहण’. कुठली अडवतात? ध, च, श, त. ‘प्रधान’, ‘अर्चना’, ‘दर्शन’, ‘वर्तन’.

सपाट यादीत या दोन गटांची नावं एकेक करून सांगावी लागतात. झाडात कारण दिसतं. र पासून न कडे जी गोष्ट प्रवास करते ती पूर्ण स्थान नाही, फक्त पात्याची फांदी आहे. म आणि प ओठांवर, ग जिभेच्या पाठीवर. त्यांच्या झाडात पात्याची फांदीच नाही, म्हणून त्यांच्यावरून रेघ बिनदिक्कत जाते. ध, च, श, त हे सगळे पात्याने बोलले जातात. त्यांची स्वतःची पात्याची फांदी मध्ये उभी राहते आणि रेघ तिला ओलांडत नाही.

परसवर्णात पूर्ण गाठ, णत्वात तिच्याखालची एक फांदी. दोन वेगळे नियम एकाच झाडावर बसतात आणि झाड त्यांच्यासाठी बदलावं लागत नाही. एका घटनेसाठी गाठ कल्पली असती तर ती सोय ठरली असती. दुसऱ्या घटनेत तीच उपयोगी पडते म्हणून तिच्यावर विश्वास बसतो.

नियम थांबतो ती ठिकाणं

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. तिचं नाव सावकाश म्हणा. एकाच नावात ग च्या आधी दोनदा अनुनासिक येतो. ‘गंगा’तला ङ आहे. ‘पैन’मधला मात्र न च राहतो. पुढे ग असूनही. ‘जंगल’ आणि ‘जनगणना’ यांतही हेच. ‘आमचा’, ‘तुमची’ यांत तर म च च्या आधी ओठ मिटून ठाम उभा असतो. च कुठलाही असो.

कारण ‘पैन’मधल्या न ला आणि ‘आम’मधल्या म ला स्वतःची स्थानाची गाठ आहे. त्यांची जागा रिकामी नाही. मराठीत रेघ रिकाम्या जागी ओढली जाते, भरलेल्या जागेवरची गाठ तोडून नवी बसवली जात नाही. ‘पैन’ आणि ‘जन’ यांच्या शेवटी लिपीत अ आहे, जो आपण बोलताना गाळतो. न तिथं पूर्ण अक्षर म्हणून आला होता, स्वतःची गाठ घेऊन. टिंबाने लिहिलेला अनुनासिक तसा नसतो. तेव्हा मराठीतला शीर्षबिंदू आणि ‘न’ हा फरक या शब्दांत निव्वळ लेखनाचा राहत नाही. गाठ असलेला अनुनासिक आणि नसलेला, असे दोन प्रकार त्यात दिसतात.

दुसरं ठिकाण ‘संसार’, ‘संशय’, ‘संवाद’, ‘सिंह’. इथं टिंबापुढे स, श, व, ह आहेत आणि परसवर्ण होत नाही. मराठीत ‘संसार’चा उच्चार जवळजवळ ‘सौंसार’ होतो, अनुनासिक व सारखा. स ला स्थान आहे, तो पात्याने बोलला जातो. मग अनुनासिक ते का घेत नाही? साध्या झाडाला याचं उत्तर देता येत नाही आणि ही त्याची खरी उणीव आहे. जे पॅजेट यांनी 1990च्या दशकात यावर काम केलं. त्यांच्या म्हणण्याचं सार असं, की स्थान उसनं घेताना तिथला अडथळा किती घट्ट हेही सोबत येतं. स मध्ये हवा घासून वाहत राहते. ते स्थान घेतलं तर अनुनासिकालाही घासून वाहावं लागेल, आणि घर्षणाचा अनुनासिक भाषांना नकोसा असतो. म्हणून भाषा ते स्थान घेणंच टाळते. म्हणजे अडथळ्याचा घट्टपणा स्थानाच्या गाठीशी कसा तरी बांधावा लागतो. तो नेमका कुठे बांधायचा, यावर अभ्यासकांत वाद झाला आणि झाडाची निरनिराळी रूपं मांडली गेली.

तिसरं ठिकाण घाईचं बोलणं. भरभर बोलताना ‘पैनगंगा’तला पहिला न ही थोडासा ङ कडे झुकू शकतो. इंग्रजीत अशा जागी तोंडातल्या हालचाली मोजल्या गेल्या आहेत आणि जिभेचं टोक पूर्ण न सोडता अर्धवट उचललेलं आढळलं आहे. झाडात अर्धी रेघ नसते. जोडलेली किंवा न जोडलेली. त्यामुळे हे हळूहळू झुकणं झाडाने समजावता येत नाही. तिथं जिभेच्या दोन हालचाली वेळेत एकमेकींवर चढतात, असं धरावं लागतं. दोन्हींतला फरक ओळखायची एक सोपी खूण आहे: बोलणं संथ करा. ‘पैनगंगा’ संथ म्हटलं की पहिला न स्वच्छ न होतो. ‘निलंगा’ कितीही संथ म्हणा, न येत नाही, ङ च राहतो. संथपणाने जे निवळतं ते जिभेच्या घाईचं काम, आणि जे निवळत नाही ते भाषेच्या रचनेचं.

या मर्यादा लक्षात घेऊनही सपाट यादीपेक्षा झाड वरचढ ठरतं. यादीतून मराठीचा परसवर्ण लिहिता येतो आणि कुठल्याही भाषेत नसलेले हजारो नियमही तितक्याच सहज लिहिता येतात. झाड मात्र बऱ्याच गोष्टींना मनाई करतं. पुढच्या व्यंजनाचं पातं आणि घोष घेणारा, पण ओठ आणि पाठ सोडणारा अनुनासिक एका रेघेने होणार नाही, असं ते आधीच सांगून ठेवतं. असा अनुनासिक उद्या एखाद्या भाषेत नित्यनेमाने आढळला, तर स्थानाची गाठ सोडून द्यावी लागेल. काय आढळल्यावर आपण चुकीचे ठरू हे यादी सांगू शकत नाही. झाड ते सांगतं, आणि म्हणून त्याच्या ‘का’ला वजन आहे.